कॉम्प्युटर बंद पडला, वेळ गेला : भरपाई मिळाली की नाही, कसं ओळखायचं?

प्रश्न : मुलीची ऑनलाइन प्रवेश परीक्षा नाशिकच्या केंद्रावर दुपारच्या शिफ्टला होती. मधेच कॉम्प्युटर अडकला. दुसऱ्या जागी बसवेपर्यंत 25 मिनिटं गेली. तिथले सर म्हणाले, वेळ आपोआप वाढून मिळतो. मुलगी म्हणते, काही मिळाला नाही. आता फेरपरीक्षा मागता येईल का?

उत्तर :

आधी एक साधी गोष्ट आठवून सांगा. मुलगी गेटबाहेर किती वाजता आली? बरोबरची मुलं पाच वाजता सुटली आणि ती त्यांच्यातच बाहेर पडली असेल, तर तिला वेळ मिळालेला नाही. सव्वापाच-साडेपाचपर्यंत ती एकटी-दुकटी आत होती आणि तुम्ही बाहेर घड्याळ बघत होतात, तर वेळ मिळाला आहे, थोडा किंवा पूर्ण. फेरपरीक्षेचा विचार त्यानंतर. परीक्षा घेणारी संस्थाही याच क्रमाने जाते. ती पहिल्यांदा बघते ते, घड्याळ थांबलं होतं की चालू राहिलं होतं. कॉम्प्युटर बंद पडला होता का, हा तिच्यासाठी दुय्यम मुद्दा आहे.

मुलीच्या समोर जो कॉम्प्युटर असतो तो फक्त काच आणि माऊस समजा. पेपर, उत्तरं आणि उरलेला वेळ हे सगळं केंद्रावरच्या सर्व्हरवर असतं. पेपर तिथे कुलूपबंद फाईलच्या रूपात आधी येऊन पडतो आणि सुरू होण्याच्या जरा आधी पासवर्ड आला की उघडतो. प्रत्येक उमेदवाराचं लॉगिन कधी झालं, कुठल्या प्रश्नावर किती वाजता क्लिक केलं, कुठलं उत्तर ‘Save & Next’ केलं, याची नोंद वेळेसकट सर्व्हरवर होत जाते. म्हणून जागा बदलली तरी आधीची उत्तरं परत दिसतात. जात असेल तर एकच गोष्ट जाते : गोल काळा केला, पण सेव्ह दाबायच्या आत स्क्रीन गेली, ते शेवटचं उत्तर.

घड्याळाचंही असंच. समोरचा कॉम्प्युटर सर्व्हरला थोड्या थोड्या वेळाने ‘मी आहे’ असा निरोप पाठवत असतो. निरोप थांबला की सर्व्हर त्या उमेदवाराचा उरलेला वेळ तिथेच गोठवतो आणि पुन्हा लॉगिन झालं की तिथूनच पुढे चालवतो. ‘आपोआप वाढून मिळतो’ असं केंद्रावरचे लोक म्हणतात ते याच जोरावर, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. जेईई, नीट घेणाऱ्या एनटीएच्या माहितीपुस्तिकांत याचं लेखी आश्वासनच आहे : कॉम्प्युटर किंवा माऊस बिघडला तर लगेच दुसरा दिला जाईल आणि गेलेला वेळ सर्व्हरमध्ये जुळवून उमेदवाराला पूर्ण वेळ दिला जाईल.

गोम इथेच आहे. सर्व्हरला कळतो तो फक्त तुटलेला संपर्क. मे महिन्यात आडगाव किंवा सिन्नरच्या बाजूला वळवाचा पाऊस येतो, लाईट जाते, यूपीएस दगा देतो आणि अख्खी लॅब काळी होते. दिसायला हा सगळ्यात मोठा गोंधळ, पण वेळेच्या हिशोबात सगळ्यात निरुपद्रवी. सगळ्यांचे निरोप एकदम थांबले, म्हणजे सगळ्यांची घड्याळं एकदम थांबली. उलट माऊस मेला, कर्सर जागचा हलेना, स्क्रीनवर पेपर दिसतोय पण क्लिक लागत नाही, अशा वेळी आतलं मशीन जिवंत असतं. ते इमानदारीत निरोप पाठवत राहतं. सर्व्हरला वाटतं, उमेदवार विचार करतोय. घड्याळ पळत राहतं आणि आजूबाजूचे सगळे नीट पेपर सोडवत असल्यामुळे लॅबमध्ये कुणाच्या ते लक्षातही येत नाही. खरं नुकसान होतं ते या गुपचूप बिघाडात.

तुम्ही परीक्षेचं नाव लिहिलेलं नाही, म्हणून आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीची एमएचटी-सीईटीची पीसीएम गटाची रचना घेऊन हिशोब मांडतो. दुपारी 2 ते 3.30 भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न, मग 3.30 ते 5 गणिताचे 50 प्रश्न. दोन्ही भाग 90-90 मिनिटांचे आणि पहिला भाग संपल्यावर दुसरा उघडतो.

समजा गणित चालू असताना, उरलेला वेळ 58 मिनिटं 20 सेकंद दाखवत असताना स्क्रीन अडकली. म्हणजे भिंतीवर 4 वाजून 1 मिनिट झालं होतं, वर चाळीस सेकंद. मुलीने हात वर केला. तंत्रज्ञ आला, माऊस काढून घातला, दुसरा लावला, थोडं थांबून बघितलं, शेवटी मशीन रीस्टार्ट केलं. तेही धड उठेना, म्हणून राखीव मशीनवर हलवलं. 4 वाजून 26 मिनिटांनी पुन्हा लॉगिन झालं. आता नव्या स्क्रीनवर पहिला आकडा कुठला दिसला, त्यावर सगळं ठरतं.

58 मिनिटं 20 सेकंदच दिसले, तर घड्याळ पहिल्या क्षणीच थांबलं होतं. तिचा पेपर 5 वाजून 24 मिनिटांच्या पुढे चालला असणार. बरोबर 34 मिनिटं दिसली, तर घड्याळ एकदाही थांबलं नाही, 24 मिनिटं 20 सेकंद बुडाले आणि ती इतरांबरोबर पाचलाच उठली. पण प्रत्यक्षात बरेचदा तिसराच आकडा असतो, इथे समजा 52 मिनिटं 10 सेकंद. माऊसची खटपट चालू होती तेवढी 6 मिनिटं 10 सेकंद घड्याळ पळालं, मशीन रीस्टार्ट झाल्यावर संपर्क तुटला आणि मग ते थांबलं. अशा मुलीचा पेपर 5 वाजून 18 मिनिटांनी संपतो. तिचं नुकसान सहा मिनिटांचं आहे. तक्रारीत 25 मिनिटं लिहिली, तर नोंद तपासणारा माणूस ‘18 मिनिटं 10 सेकंद परत मिळाले आहेत’ एवढं दाखवून फाईल बंद करतो आणि खरी गेलेली सहा मिनिटंही त्यातच बुडतात. लॅबमध्ये गेलेला वेळ आणि घड्याळातून गेलेला वेळ हे दोन वेगळे आकडे आहेत. तक्रार दुसऱ्याची करायची असते.

तुमच्या मुलीला ‘काही मिळाला नाही’ असं वाटण्याचं एक कारण हेही असू शकतं की तिला मिनिटं परत मिळाली, पण बसलेली लय परत मिळाली नाही. शेजारचे पाचला उठून चालले, खुर्च्या वाजतायत, दाराशी पर्यवेक्षक उभे, अशात उरलेली 18 मिनिटं गणित सोडवणं सोपं नाही. पण हे नुकसान कुठलीच परीक्षा संस्था मोजत नाही. त्यावर तक्रार उभी करू नका.

घड्याळ पळून गेलंच असेल, तर गेलेला वेळ हाताने वाढवता येतो. त्यासाठी केंद्रावरच्या सर्व्हर ऑपरेटरला वरच्या नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. कुणालाही परस्पर वेळ वाढवता येऊ नये म्हणून ही अट आहे आणि ती बरोबरच आहे. परवानगी यायला वेळ जातो आणि अडचण तिथेच होते. भागाचं घड्याळ शून्यावर आलं की तो भाग आपोआप सबमिट होतो. मग ऑपरेटर ‘आता काही करता येत नाही’ म्हणतो, आणि त्याच्या हातात खरंच काही उरलेलं नसतं. भौतिक-रसायनच्या भागात वेळ गेला आणि मुलगा ‘शेवटी बघू’ म्हणून गप्प बसला, तर शेवटी बघण्यासारखं काही राहत नाही, कारण पुढे उघडतो तो गणिताचा भाग. म्हणून वेळ वाढवायची मागणी त्याच भागात, घड्याळ चालू असतानाच झाली पाहिजे. नव्या मशीनवर बसल्या बसल्या पहिला प्रश्न वाचण्याआधी उरलेला वेळ बघायचा, आकडा रफ कागदावर लिहायचा आणि कमी वाटला तर तिथल्या तिथे हात वर करायचा. धाकटं भावंड पुढच्या वर्षी परीक्षेला बसणार असेल, तर त्याला एवढं नक्की सांगून ठेवा.

आता फेरपरीक्षा. वेळ परत देणं शक्यच नव्हतं, असं नोंदीवरून दिसलं तरच तो विषय निघतो. बिघाड एका मशीनचा असेल, तर जवळजवळ कधीच निघत नाही, कारण केंद्रावर राखीव मशीन ठेवलेली असतात. अख्ख्या केंद्राचा सर्व्हर किंवा वीज गेली, तर गोष्ट वेगळी. सकाळची शिफ्ट 12 ला संपते आणि दुपारची 2 ला सुरू होते, मधे दोनच तास. त्यातही दुपारच्या मुलांची तपासणी आणि आत घेणं आधीच सुरू झालेलं असतं. सकाळच्या शिफ्टला अर्धा-पाऊण तास उशीर झाला तर तो या फटीत मावतो. दोन तासांचा मावत नाही. शिवाय बाकीच्या केंद्रांवरची मुलं तोवर बाहेर पडून प्रश्नांची चर्चा करत असतात, त्यामुळे तोच पेपर उशिरा देण्यात अर्थ राहत नाही. 4 ऑगस्ट 2022 ला सीयूईटीत, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, हेच झालं. दुपारी 3 च्या शिफ्टचे पेपर केंद्रांवर पोचायला 5 वाजून 25 मिनिटं झाली आणि एनटीएने ती शिफ्ट देशभर रद्द केली. तिथे भरपाईचा वेळ मोजत बसण्यासारखं काही नव्हतं.

एकट्या-दुकट्या उमेदवाराला फेरपरीक्षा न देण्यामागे आणखी एक कारण असतं, आणि ते पालकांना सहसा कुणी समजावून सांगत नाही. बऱ्याच शिफ्टमध्ये चालणाऱ्या परीक्षेत गुण थेट वापरत नाहीत, पर्सेंटाइल वापरतात. तुमच्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण किती जणांना आहेत, भागिले त्या शिफ्टमधले एकूण उमेदवार, गुणिले 100. शिफ्टमध्ये वीस-पंचवीस हजार मुलं असतील तर हा आकडा विश्वासाचा असतो. आता फक्त 40 बाधित मुलांसाठी वेगळा पेपर घेतला असं धरा. त्यातला पहिला आलेला आपोआप 100 पर्सेंटाइल, दुसरा 97.5. मग तो पहिला कितीही साधारण असो. उलट चांगल्या मुलांचाच तो गट असेल, तर मधल्या मुलाला 50 पर्सेंटाइल घेऊन घरी यावं लागेल. दोन्हीकडून अन्याय.

म्हणून संस्था शक्य तेव्हा वेगळी फेरपरीक्षा घेण्याऐवजी बाधित मुलांना त्याच परीक्षेच्या पुढच्या एखाद्या शिफ्टमध्ये बसवून टाकते. परीक्षेच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी बिघाड झाला तर हे सोपं असतं, शेवटच्या दिवशी झाला तर जागाच उरत नाही. तुमच्या बाबतीत अजून शिफ्ट बाकी असतील तर आजचा दिवस वाया घालवू नका. आणि असं बोलावणं आलं तर केंद्र लांबचं म्हणून नाकारू नका, कळवण-सुरगाण्याहून यावं लागलं तरी. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेलं असतं की अडचण आल्यास उमेदवारांना दुसरीकडे हलवलं जाऊ शकतं किंवा पुन्हा परीक्षा होऊ शकते, पण तो निर्णय पूर्णपणे संस्थेचा. हलायला किंवा थांबायला तयार नसलेल्याची उमेदवारी संपते. फेरपरीक्षा हा उमेदवाराचा हक्क म्हणून कुठेच लिहिलेला नसतो.

वेळही परत दिला नाही, फेरपरीक्षाही नाही, मग गुण वाढवून देता येतात का? येतात, आणि सुप्रीम कोर्टाने ते करायलाही लावलं आहे. मे 2018 च्या क्लॅटमध्ये, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेत, देशभर अनेक केंद्रांवर मशीन बंद पडली होती. 13 जून 2018 ला दिशा पांचाल प्रकरणात कोर्टाने फेरपरीक्षा नाकारली आणि त्याऐवजी तक्रार समितीने सुचवलेलं सूत्र लावायला सांगितलं. सूत्राचा गाभा असा : उमेदवाराने हातात आलेल्या वेळात ज्या वेगाने आणि ज्या अचूकतेने उत्तरं दिली, तोच वेग आणि तीच अचूकता गेलेल्या वेळालाही लावायची.

माझे आकडे घेऊन करून बघू. पेपर 120 मिनिटांचा, प्रश्न 200, बरोबरला 1 गुण, चुकीला पाव गुण वजा. एका मुलाची 12 मिनिटं गेली, 108 हातात आली. त्यात त्याने 162 प्रश्न सोडवले, 126 बरोबर आणि 36 चूक. मिनिटाला दीड प्रश्न हा त्याचा वेग, म्हणजे 12 मिनिटांत 18 प्रश्न. दर 9 प्रश्नांत 7 बरोबर ही त्याची अचूकता, म्हणजे 18 पैकी 14 बरोबर आणि 4 चूक. 14 मिळाले, 1 गेला, भरपाई 13 गुण. मूळचे 117 होते, ते 130 झाले.

कागदावर हे सुरेख दिसतं. पण यात गृहीत धरलंय की राहिलेले प्रश्नही सोडवलेल्यांइतकेच सोपे होते. शहाणा विद्यार्थी सोपे प्रश्न आधी उरकतो, अवघड मागे ठेवतो. त्यामुळे सूत्र त्याला जरा जास्तच देऊन जातं. दुसरं म्हणजे हे सूत्र सेकंदाच्या नोंदीवर उभं आहे. 2024 च्या नीटमध्ये तेच सूत्र कागदावरच्या परीक्षेला लावलं गेलं. काही केंद्रांवर वेळ वाया गेलेल्या 1563 जणांना वाढीव गुण दिले, आणि निकालात 718, 719 असे गुण दिसू लागले. बरोबरला 4 आणि चुकीला वजा 1 असताना पैकीच्या पैकी 720 नंतर एक प्रश्न सोडला तर 716 आणि एक चुकला तर 715 होतात. 718 होऊच शकत नाहीत. गुण कुठून आले हे देशभर विचारलं गेलं. 13 जून 2024 ला ते वाढीव गुण रद्द झाल्याचं सुप्रीम कोर्टात सांगण्यात आलं. त्या मुलांना दोन पर्याय मिळाले : 23 जूनला पुन्हा परीक्षा द्या किंवा वाढीव गुण सोडून मूळ गुण ठेवा. 1563 पैकी 813 जण पुन्हा बसले.

पण तुमच्या दृष्टीने या सूत्रातली खरी अडचण वेगळी आहे. ते चालतं ते न सोडवलेल्या प्रश्नांवर. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत प्रत्येक मूल उरलेले सगळे गोल अंदाजाने काळे करतं, आणि करायलाच हवेत. मग उत्तरपत्रिकेत 50 पैकी 50 सोडवलेले दिसतात. गेलेला वेळ तिथे दिसतच नाही आणि भरपाई द्यायला प्रश्नच उरत नाही. अशा परीक्षेत गुणांची भरपाई मागण्यात वेळ घालवू नये. क्लिकची नोंद मात्र खरं सांगते : चाळीस सेकंदांत पंधरा प्रश्नांची उत्तरं सेव्ह झालेली दिसली, की ते सोडवलेले नव्हते हे कुणालाही कळतं.

म्हणून आता करायचं ते असं. मुलीला शेजारी बसवून, ती विसरायच्या आत, चार गोष्टी लिहून घ्या : अडकलं तेव्हा कुठला भाग चालू होता आणि किती वेळ उरला होता, नव्या मशीनवर पहिला आकडा कुठला दिसला, पेपर बंद झाला तेव्हा भिंतीवर किती वाजले होते. मशीनचा किंवा जागेचा क्रमांक आठवत असेल तर दोन्ही लिहा, जुना आणि नवा. तिला एखादा आकडा नक्की आठवत नसेल तर ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहा. नोंदीशी न जुळणारा ठाम आकडा सगळी तक्रार संशयास्पद करतो. हे उमेदवाराच्या लॉगिनमधल्या तक्रार खिडकीतून किंवा अधिकृत ईमेलवर आजच पाठवा, हॉल तिकिटाच्या प्रतीसह. मागणी ‘फेरपरीक्षा द्या’ अशी नको. ‘माझ्या लॉगिनची वेळेसह नोंद तपासावी, अमुक ते अमुक या काळात घड्याळ चालू होतं का ते कळवावं आणि चालू असल्यास उरलेल्या शिफ्टमध्ये संधी द्यावी’ अशी लिहा. पहिल्या मागणीला एका ओळीत नकार देता येतो. दुसरीला नोंद उघडून बघावी लागते.

केंद्रावरून निघण्याआधी केंद्रप्रमुखांना लेखी दिलं असेल आणि त्यांनी पोच दिली असेल, तर उत्तमच. दर शिफ्टनंतर केंद्राचा घटना-अहवाल वर जातो. त्यात तुमच्या मुलीचा रोल नंबर आहे की नाही, यावर पुढची बरीच लढाई ठरते. दिलं नसेल तर उद्या जाऊन द्या आणि पोच घ्या. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची विनंतीही त्याच अर्जात करा, कारण ते कायम ठेवलेलं नसतं.

उत्तरपत्रिका प्रसिद्ध झाली की तिच्यात वेळ शोधू नका. तिथे फक्त कुठला पर्याय निवडला तेवढं असतं. वेळेची नोंद माहितीच्या अधिकारात मागता येते. संस्थेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपये शुल्क भरून अर्ज करायचा आणि स्वतःच्याच नोंदीपुरती मागणी ठेवायची. उत्तराची मुदत 30 दिवस आहे आणि तेवढ्यात प्रवेशाची पहिली फेरी उरकलेली असू शकते, हे धरून चाला.

कोर्टात जायचंच ठरलं, तर नाशिक जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबईतल्या मुख्य पीठाखाली येतो, छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे नाही. आणि घाई निकालाची करायची नसते, प्रवेशाच्या फेरीची करायची असते. क्लॅट 2018 मध्ये गुण वाढवून मिळालेल्यांसाठीसुद्धा झालेली पहिली फेरी कोर्टाने मोडली नाही. त्यांना पुढच्या फेऱ्यांत घेतलं. वकील तुम्हाला पहिल्यांदा विचारतील ते तक्रारीची तारीख. ती परीक्षेच्या दिवसाची किंवा दुसऱ्या दिवसाची असली तर बोलणं पुढे जातं. निकाल मनासारखा न लागल्यानंतरची असली, तर समोरचा पक्ष तेवढीच तारीख वाचून दाखवतो.